थंबनेलवरील अभिप्राय

चित्राची मांडणी पक्की होण्यापूर्वी तिच्या छोट्या, कच्च्या रेखाटनांवर दुसऱ्याचे मत घेण्याची चित्रकारांची रीत. ‘थंबनेल’ म्हणजे अंगठ्याचे नख. प्रत्यक्षात हे रेखाटन काडेपेटीएवढे किंवा त्याहून थोडे मोठे असते. मराठीत ‘लघुरेखाटन’ म्हणता येईल, पण उपयोजित कलेच्या वर्गात आणि जाहिरातींच्या स्टुडिओत ‘थंबनेल’ हाच शब्द चालतो. त्याच्या पुढची पायरी ‘रफ’ म्हणजे निवडलेल्या मांडणीचे मोठे कच्चे चित्र, नंतर ‘कॉम्प’ म्हणजे जवळजवळ पूर्ण नमुना आणि शेवटी ‘आर्टवर्क’ म्हणजे छपाईचे अंतिम चित्र. संगणकावर काम सुरू झाल्यापासून मधल्या दोन पायऱ्या बऱ्याचदा गळतात आणि थंबनेलवरून थेट अंतिम रंगकामाकडे उडी घेतली जाते. त्यामुळे या एका टप्प्यावरच्या मताला पूर्वीपेक्षा अधिक वजन आले आहे.

उगम : छोट्या चित्रासाठी हा शब्द इंग्रजीत साधारणतः एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून रुळलेला दिसतो. रेखाटनाची रीत मात्र त्याहून बरीच जुनी आहे. इटालियन चित्रकार व लेखक व्हाझारीने १५५० मध्ये प्रथम छापलेल्या आपल्या कलावंत-चरित्रांच्या प्रास्ताविक भागात ‘स्कित्सो’ या प्रकाराचे वर्णन केले आहे. आकृत्यांचा पवित्रा आणि कामाची पहिली जुळवणी शोधण्यासाठी डागासारखे झरझर काढलेले चित्र, असा त्याचा आशय. त्याच्याही आधी लिओनार्दोने चित्रकाराला सल्ला दिला होता, की मांडणी कच्चीच ठेवावी, अवयव घोटीत बसू नये. चित्र चालू असताना कोणाचेही मत ऐकायला कचरू नये, असेही तो सांगतो. त्याची ही टिपणे शिष्य मेल्त्सीने संकलित केली आणि ती १६५१ मध्ये पॅरिसमध्ये छापली गेली.

या दोन सल्ल्यांची सांगड घालून काही लेखक प्रस्तुत रीतीचा उगम प्रबोधनकाळात शोधतात. परंतु लिओनार्दोची दोन्ही वचने वेगवेगळ्या संदर्भांत येतात. कच्ची मांडणी ही त्याच्या दृष्टीने चित्रकाराची स्वतःची कल्पना चाळवण्याची युक्ती होती, तर लोकांचे मत हा चुका शोधण्याचा उपाय होता. कच्चे रेखाटनच लोकांपुढे ठेवावे, असे त्यातून निघत नाही.

त्याहून जुना दाखला रोमन लेखक प्लिनीचा दिला जातो. ग्रीक चित्रकार अपेलीझ आपली चित्रे रस्त्यावरून दिसतील अशी मांडून मागे लपून बसे व येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बोलणे ऐके. एका चांभाराने पायताणाच्या चित्रणातली चूक काढली, ती त्याने दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी चांभार पोटरीवर बोलू लागला, तेव्हा चित्रकाराने त्याला पायताणापाशीच थांबवले. अभिप्रायाचा इतिहास सांगताना ही गोष्ट हटकून येते, पण ती येथे उलट्या अर्थाने उपयोगी आहे. अपेलीझने पूर्ण झालेले चित्र दाखवले, म्हणून बघणाऱ्याची नजर पायताणावर गेली. आकृती उभी आहे तीच जागा चुकली आहे का, हा प्रश्न त्या घडीला कोणी विचारणार नव्हते, आणि विचारला असता तरी उपयोग नव्हता.

फ्रान्समधील एकोल दे बोझार या कलाशाळेची परंपरा तर या रीतीच्या विरुद्ध टोकाला होती. तेथील स्थापत्यस्पर्धांत विद्यार्थ्याने स्वतंत्र खोलीत एकट्याने ‘एस्कीस’ म्हणजे प्राथमिक आराखडा करायचा असे आणि पुढचे काम त्याला धरूनच करावे लागे. कच्च्या टप्प्यावर सल्ला वर्ज्य होता, सल्ला मिळे तो नंतर. या सर्वांचा विचार करता आजच्या रीतीचा जवळचा पूर्वज विसाव्या शतकातील जाहिरात-स्टुडिओत व ॲनिमेशनमध्ये मानणे अधिक सयुक्तिक वाटते. डिस्ने स्टुडिओत १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रेखाटने फळ्यावर टाचून सगळ्या गटापुढे कथा मांडण्याची पद्धत रुळली. तिचे श्रेय सामान्यतः वेब स्मिथ यांना दिले जाते. ॲनिमेशनचे काम महाग, म्हणून ते सुरू होण्याआधीच दोष हेरायचे, हे कारण तेथे प्रथम स्पष्टपणे दिसते.

मुंबईत सर ज. जी. कलाशाळेत १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला, आणि पायऱ्यांची ही परिभाषा मराठी चित्रकारांच्या बोलण्यात आली ती मुख्यतः या शिक्षणातून व जाहिरात-व्यवसायातून.

अभिप्राय कशावर येतो : बघणारा जे दिसते त्यावर बोलतो. बोटे रेखलेली असतील तर तो बोटांवर बोलेल. म्हणून थंबनेलमध्ये फक्त ज्याचा निर्णय व्हायचा आहे तेवढेच ठेवतात : कडांचे प्रमाण, मोठे आकार आणि काळा, करडा, पांढरा अशा तीन छटा. प्रमाण अंतिम चित्राचेच हवे. मुखपृष्ठ १८ × २४ सेंमी. असेल तर थंबनेल ४.५ × ६ सेंमी. चौकटीत काढतात. अंकाचे नाव जेथे येणार ती पट्टीही त्यातच आखावी लागते. ही पट्टी ‘नंतर बघू’ म्हणून सोडणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे.

संगणकावर सर्व काही लेअरमध्ये, म्हणजे एकमेकांपासून अलग थरांत, असते, मग पुढे केव्हाही हलवता येईल, असा समज आढळतो. आकृती हलते हे खरे. पण तिच्यावर पडलेला प्रकाश, तिची जमिनीवरची सावली, मागे रंगवलेली भिंत आणि अंतराचा भास देणाऱ्या यथार्थदर्शनाच्या रेषा तिच्याबरोबर हलत नाहीत. वीस तासांच्या कामानंतर आकृती दोन सेंटिमीटर डावीकडे नेणे म्हणजे बहुधा अर्धे चित्र पुन्हा रंगवणे.

एकाऐवजी तीन पर्याय दाखवावेत, या नियमाला प्रयोगाचा आधार आहे. टोरोंटोतील तोहिदी, बक्स्टन व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये कागदी नमुन्यांवर केलेल्या अभ्यासात एकच आराखडा पाहणाऱ्यांनी तो अधिक वाखाणला, तर तीन पाहणाऱ्यांनी अधिक मोकळी टीका केली. तो अभ्यास घरातील तापमान-नियंत्रकाच्या रचनेचा होता, चित्राचा नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे. तरी स्टुडिओतला अनुभव त्याच्याशी जुळतो. एकच थंबनेल समोर ठेवले की मत चित्रावर न राहता चित्रकारावर जाते आणि भिडेपोटी ‘छान आहे’ एवढेच हाती लागते. पर्याय मात्र खरोखर वेगळे हवेत. एकाच मांडणीत डोके थोडे उजवीकडे, थोडे डावीकडे केलेली तीन चित्रे म्हणजे एकच पर्याय होय.

एक उदाहरण : दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ आहे. कल्पना अशी, की शिडीवर चढून मुलगी आकाशकंदील टांगते आहे आणि आजीने शिडी धरली आहे. चित्रकाराने दहा-दहा मिनिटांत तीन थंबनेले केली. पहिल्यात दोघी समोरून, मुलगी मधोमध. दुसऱ्यात वरून पाहिलेले दृश्य, कंदील अगदी पुढे आणि त्याच्यामागे मुलीचा चेहरा. तिसऱ्यात चाळीची पूर्ण गॅलरी आणि त्यात लहानशी मुलगी. दाखवण्याआधी त्याने तिन्ही उलटी करून, म्हणजे आरशात दिसतील तशी, पाहून घेतली. ही युक्तीही लिओनार्दोचीच.

मग ती तिघांना दाखवली : संपादकांना, एका चित्रकार मैत्रिणीला आणि शेजारच्या, दिवाळी अंक आवडीने वाचणाऱ्या काकूंना. प्रत्येकाला प्रथम एवढेच सांगितले, ‘चेहरे आणि रंग अजून ठरलेले नाहीत.’ कल्पना सांगितली नाही. चित्र चार-पाच सेकंद दाखवून झाकले आणि विचारले, ‘पहिली नजर कुठे गेली? काय चाललंय यात?’ ‘कसं वाटतंय?’ हा प्रश्न मुद्दाम टाळला.

काकू पहिल्या चित्राबद्दल म्हणाल्या, ‘म्हातारी शिडी ओढून घेतेय का?’ तिसऱ्यात त्यांना कंदील दिसलाच नाही. नजर उजेड असलेल्या खिडकीवर गेली. मैत्रिणीने कारणे सांगितली. पहिल्यात आजीचा हात शिडीच्या पायरीच्या रेषेत आल्यामुळे हात संपून पायरी सुरू कुठे होते ते कळत नव्हते. तिसऱ्यात खिडकी आणि कंदील यांची छटा एकच होती आणि खिडकी आकाराने मोठी होती. संपादकांनी पहिल्या चित्रावर बोट ठेवून विचारले, ‘कंदील नावाच्या पट्टीखाली झाकला जाणार ना?’ तो जात होता. शिवाय खाली डावीकडे लेखकांची नावे यायची होती, हे चित्रकाराला तेव्हा कळले.

येथे तिघांचे काम वेगळे होते आणि ते तसे राहू द्यावे लागते. सामान्य वाचक अर्थ काय लागला ते सांगतो, जाणकार त्याचे कारण सांगतो, काम देणारा बंधने सांगतो. काकूंनी ‘आजीला खुर्चीत बसवा’ असाही उपाय सुचवला होता. तो घेतला नाही, पण त्यांनी दाखवलेली जागा घेतली. तिघे तीन वेगळे उपाय सुचवतात आणि तिघांचे बोट एकाच ठिकाणी असते, तेव्हा दोष बहुधा तेथेच असतो.

दुसऱ्या फेरीत दोनच थंबनेले झाली. वरून पाहिलेले दृश्य कायम राहिले, कंदील पट्टीपासून सुटा होऊन खाली सरकला, आजीचे फक्त वर पाहणारे डोके आणि शिडी पकडलेले हात उरले, आणि डावा खालचा कोपरा नावांसाठी काळोखात ठेवला. पुन्हा काकूंनाच दाखवून उपयोग नव्हता, कारण त्यांना गोष्ट आता ठाऊक होती. म्हणून नव्या माणसाला विचारले. त्याने ‘मुलगी कंदील लावतेय, खाली कोणीतरी आहे’ असे सांगितल्यावर रंगकाम सुरू झाले.

बिघाड आणि मर्यादा : उत्तरांवरून प्रश्न चुकल्याचे ओळखता येते. सगळे नाक-डोळ्यांवर बोलू लागले तर रेखाटन गरजेपेक्षा घोटले गेले आहे. कोणी ‘हे काय आहे?’ एवढेच विचारून थांबला तर ते फारच कच्चे आहे. चित्रकार दाखवता दाखवता समजावून सांगत असेल तर मिळालेले मत चित्राचे नसून त्याच्या सांगण्याचे असते. ग्राहकाला कच्चे काम दाखवणे काही जण धोक्याचे मानतात, कारण त्याला ते निष्काळजीपणाचे वाटू शकते. अशा वेळी थंबनेल सहकाऱ्यांपुरते ठेवून ग्राहकाला स्वच्छ केलेला रफ दाखवण्याचा प्रघात आहे. तो समंजस आहे, फक्त नावाची पट्टी आणि इतर बंधने त्याच्याकडून आधीच विचारून घ्यावी लागतात.

काही गोष्टी या टप्प्यावर तपासताच येत नाहीत. चेहऱ्यावरचा भाव, कापडाचा पोत, दोन रंगांचे शेजार यांवर थंबनेल पाहून दिलेले मत म्हणजे अंदाज. शिवाय लहान चौकट मांडणीला थोडे फसवे रूप देते. काडेपेटीएवढ्या चित्रात भरलेली वाटणारी करडी जागा पूर्ण आकारात ओसाड दिसू शकते. यासाठी निवडलेले थंबनेल तसेच मोठे करून, त्यावर एकही नवी रेषा न ओढता, अंतिम आकारात एकदा छापून हातभर अंतरावरून पाहतात.