गोदाम, तळं आणि बाटलीबंद पाणी

'डेटा लेक', म्हणजे कच्च्या डेटाचं तळं, हा शब्द एका तक्रारीतून आला. 2010 मध्ये पेंटाहो कंपनीचे सीटीओ जेम्स डिक्सन यांनी तो वापरला. त्यांच्या मते डेटा मार्ट, म्हणजे ठरावीक वापरासाठी वेगळा काढलेला डेटा, हे बाटलीबंद पाणी: स्वच्छ, प्यायला सोयीचं, पण बाटलीत काय भरायचं हे कुणीतरी आधीच ठरवलेलं. तेव्हा सुचला नव्हता असा प्रश्न आज विचारला, तर त्यातून उत्तर निघत नाही. त्यापेक्षा पाणी येईल तसं तळ्यात साठू द्यावं आणि ज्याला हवं त्याने येऊन उपसावं. हडूप या सॉफ्टवेअरमुळे कच्चा डेटा साठवणं तोवर स्वस्त झालं होतं, म्हणून ही कल्पना उचलली गेली.

गोदाम मात्र याच्या बरंच आधीचं. 1988 मध्ये आयबीएमच्या बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी डेटा वेअरहाऊसची, म्हणजे सगळ्या खात्यांचा डेटा एकत्र ठेवणाऱ्या गोदामाची, रचना मांडली. दुखणं साधंच होतं: एकाच प्रश्नाला प्रत्येक खातं वेगळं उत्तर देत होतं. 1992 मध्ये बिल इनमन यांनी वेअरहाऊसची व्याख्या केली. तिच्यातल्या दोन अटी आजही सर्रास विसरल्या जातात. एक, काळाचा इतिहास जपायचा. दोन, आत आलेली नोंद पुसून नवी लिहायची नाही.

डेटा मार्ट म्हणजे एका खात्यापुरता किंवा एका विषयापुरता काढलेला भाग. त्यावरून जुना वाद आहे. इनमन म्हणत, आधी मध्यवर्ती गोदाम, मग त्यातून मार्ट. राल्फ किम्बॉल म्हणत, एकेका कामाचा मार्ट बांधत जा, फक्त 'ग्राहक' आणि 'तारीख' यांचा अर्थ सगळीकडे एकच ठेवा. छोट्या कंपनीत हा वाद घालायला माणसंच नसतात, पण किम्बॉल यांची ती अट तिथेही सुटत नाही.

महिन्याला चारेकशे ऑर्डर घेणारी एक कंपनी कल्पून पाहू. 1 एप्रिलला काढलेल्या अहवालात मार्चच्या ऑर्डर 412. तोच अहवाल मे महिन्यात काढला तर 403. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये 397. खरा आकडा कोणता? तिन्ही. पैसे न आल्यामुळे 9 ऑर्डर एप्रिलमध्ये रद्द झाल्या आणि ऑर्डरच्या टेबलमध्ये जुन्या स्टेटसवर नवं लिहिलं गेलं. उरलेल्या 403 पैकी 11 ऑर्डरचे पैसे एप्रिलमध्ये आले, तर फेब्रुवारीच्या 5 ऑर्डरचे मार्चमध्ये. हिशेबात ऑर्डर पैसे आल्याच्या महिन्यात धरतात, म्हणून तिथे 397. दुसरा फरक व्याख्येचा आहे, तो एकत्र बसून मिटवता येतो. पहिला तसा मिटत नाही, कारण इतिहासच पुसला गेलाय.

यावर औषध म्हणजे दुसरा एक पोस्टग्रेस डेटाबेस. त्यात रोज रात्री चालू डेटाबेसमधल्या ऑर्डरची नक्कल घ्यायची आणि मग एवढंच चालवायचं:

```sql
INSERT INTO hist.orders_daily
SELECT CURRENT_DATE, o.*
FROM raw.orders o
WHERE o.order_date >= CURRENT_DATE - 90;
```

90 दिवसांच्या ऑर्डर, म्हणजे रोज साधारण 1,236 ओळी, वर्षाला साडेचार लाख. एक ओळ 200 बाइटची धरली तर वर्षभराचे 90 एमबी. एवढ्यासाठी क्लाउडवरचं महागडं वेअरहाऊस घेणं म्हणजे चार पोत्यांसाठी गोदाम भाड्याने घेणं.

यात दोन खड्डे आहेत. मूळ टेबलमध्ये कुणी नवा कॉलम टाकला की `o.*` मुळे हे INSERT त्या रात्री अडतं. अडलं की ईमेल यायला हवा, नाहीतर महिन्याभराने कळतं. आणि चुकून दोनदा चाललं तर आकडे दुप्पट होतात, म्हणून नक्कल घेतल्याची तारीख आणि ऑर्डर क्रमांक मिळून प्रायमरी की लावायची. 90 दिवसांनंतर झालेले बदल यात सापडत नाहीत, हेही हिशेबखात्याला आधीच सांगून ठेवावं.

मार्ट हवा? याच टेबलांवर हिशेबखात्यासाठी एक व्ह्यू लिहा, ज्यात 'विक्री' म्हणजे पैसे आल्याची तारीख. झाला मार्ट. लेक हवा? पेमेंट गेटवेकडून येणाऱ्या जेसन फाइल जशाच्या तशा तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवा. उद्या एखादं फील्ड लागलं तर तिथून काढता येतं. फक्त कोणती फाइल कुठून आणि कधी आली याची एक नोंदवही हवी. फोल्डरमध्ये `orders_final_2.csv` दिसली आणि ती कुणाची हे कुणालाच सांगता आलं नाही, की तळ्याची दलदल झालीच म्हणून समजा.

यापुढची पायरी कधी चढायची? रात्रीची नक्कल सकाळी कामाला सुरुवात होईपर्यंत संपेनाशी झाली, किंवा टेबलात न मावणारं काही, म्हणजे वेबसाइटवरच्या क्लिकचे लॉग, फोटो, सेन्सरची मोजमापं, खरोखर कुणी मागू लागलं, तेव्हा.