बातमी कोण निवडतं, यानं फरक पडतो

“बातमी ती बातमीच. संपादक बाई असो की पुरुष, पान तेच निघणार.”

असं वाटणं स्वाभाविक आहे, कारण वाचकाला निवडलेल्या बातम्याच दिसतात. 1950 मध्ये अमेरिकेत एका वृत्तपत्राच्या संपादकानं नाकारलेल्या बातम्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानं सुमारे दहापैकी नऊ बातम्या बाजूला ठेवल्या होत्या आणि त्यामागची बरीच कारणं त्याच्या स्वतःच्या आवडीनिवडीची होती. स्त्रीवादी माध्यम-अभ्यासाचा युक्तिवाद इथून पुढे जातो: बातम्या ठरवणाऱ्या मिटिंगमध्ये बहुतेक पुरुषच असतील, तर ‘महत्त्वाचं’ काय हेही त्यांच्याच अनुभवातून ठरतं.

समजा, ग्रामीण रुग्णालयात रात्री स्त्रीरोगतज्ज्ञ नसतो. कुणी दगावलं आणि तोडफोड झाली, तर ती क्राइम बीटची बातमी होते. पण गरोदर बाई रोज रात्री जिल्ह्याच्या गावी पाठवली जाते, ही गोष्ट आलीच तर पुरवणीत. माझ्या मते खरं नुकसान इथेच होतं, कारण पुरवणीतल्या मजकुराला आरोग्यमंत्र्यांनी उत्तर द्यावं असं कुणालाच वाटत नाही.

मात्र एकच बाई खुर्चीवर बसली की सगळं पालटतं, असंही नाही. बीट, स्रोत आणि मालकाचा कल तेच राहिले, तर तीही रुळलेल्या चाकोरीतूनच निवड करते.

पडताळायचं तर आठवडाभर एकच वृत्तपत्र घ्या. पहिल्या पानावर नावानिशी कुणाला उद्धृत केलंय आणि त्यात बायका किती, ते मोजा. मग हीच मोजणी पुरवणीत करा. यातून तफावत दिसू शकेल. तिचं कारण संपादकच आहे, हे मात्र एवढ्यानं सिद्ध होत नाही.