जेएलपीटी एन-४: शेवटच्या आठवड्यात आम्ही नवी प्रश्नपत्रिका का देत नाही

जुलै किंवा डिसेंबरचा पहिला रविवार जवळ आला की, "सर, आणखी एखादी सराव प्रश्नपत्रिका द्या ना" अशी मागणी आमच्याकडे रोज होते. आम्ही ती देत नाही. यात हात आखडता घेण्याचा प्रश्न नाही, हे पालकांनीही कृपया समजून घ्यावे.

नवी प्रश्नपत्रिका सोडवली की दहा-पंधरा अनोळखी शब्द समोर येतात, विद्यार्थी रात्री जागून ते पाठ करतो आणि त्या गडबडीत आधी पक्के असलेलेच डळमळू लागते. 'मात्सु' (वाट पाहणे) आणि 'मोत्सु' (हातात धरणे) यांच्या कांजींचा उजवा भाग अगदी एकच आहे, फरक फक्त डाव्या भागात आहे. दोन महिन्यांपूर्वी हा फरक अचूक सांगणारी विद्यार्थिनी परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यातच अडखळते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

म्हणून या आठवड्यात केवळ आपली चुकांची वही उघडावी. मराठी भाषकांच्या वहीत दोन गोष्टी हमखास सापडतात. 'पुण्यात राहतो' आणि 'पुण्यात काम करतो' या दोन्हींत आपल्याला एकच 'त' पुरतो, जपानीत मात्र 'सुमु'ला 'नि' लागतो आणि 'हाताराकु'ला 'दे'. तसेच दार आपोआप उघडले काय किंवा कोणी उघडले काय, आपले क्रियापद एकच. तिथे 'दोआ गा आकु' आणि 'दोआ ओ आकेरु' असे वेगळे बोलावे लागते. अशा जोड्या रोज अर्धा तास मोठ्याने वाचाव्यात.

कांजी पानेच्या पाने गिरवणे आता थांबवावे, कारण परीक्षेत लिहायचे काहीच नसते, फक्त योग्य पर्याय निवडायचा असतो. तो वेळ श्रवणाला द्यावा. १८० पैकी ९० गुणांना उत्तीर्ण होता येत असले, तरी श्रवणात ६० पैकी किमान १९ गुण लागतात. भाषाज्ञान व वाचनात ८५ आणि श्रवणात १८ मिळाले, तर बेरीज १०३ होऊनही निकाल अनुत्तीर्णच लागतो.

श्रवण हा सर्वांत शेवटचा, ३५ मिनिटांचा भाग असून ध्वनिफीत एकदाच ऐकवली जाते. शनिवारी जागरण केलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या दोन विभागांत ते जाणवत नाही, पण इथे एका वाक्याला लक्ष हलले की ते वाक्य परत ऐकायला मिळत नाही. दिवसभर वाचलेले मनात झोपेतच मुरते, त्यामुळे शुक्रवार आणि शनिवार या दोन्ही रात्री पुरेशी झोप घ्यावी.

गुरुवारी व शुक्रवारी सायंकाळी वर्गात श्रवणाचा सराव घेतला जाईल. आमच्या विद्यार्थ्यांना तो विनाशुल्क आहे; इतरांनी आधी कळवल्यास जागेनुसार त्यांनाही बसता येईल. येताना चुकांची वही आणावी. शनिवारी वर्ग बंद राहील.