थिंक-पेअर-शेअर : मोठ्या वर्गातील वापर

शिक्षकाने विचारलेल्या प्रश्नावर आधी प्रत्येक मुलाने एकट्याने विचार करायचा, मग शेजाऱ्याशी बोलायचे आणि शेवटी काही जोड्यांनी वर्गापुढे मांडायचे, अशी ही तीन टप्प्यांची अध्यापनपद्धत आहे. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठातील फ्रँक लायमन यांनी ती १९८१ मध्ये मांडली. मराठी शाळांतही ती इंग्रजी नावानेच ओळखली जाते.

मोठ्या वर्गात ती का लागते, हे साध्या हिशेबाने कळते. वर्गात ६० मुले आहेत आणि चर्चेला ८ मिनिटे आहेत. एकेकाला उभे करून २० सेकंद दिले, तरी जेमतेम २४ जण बोलतील आणि बाकीचे ऐकत बसतील. तीच मुले जोड्यांत बसवून प्रत्येकाला ४५ सेकंद दिले, तर दीड मिनिटात साठही जण बोललेले असतात, कारण एका वेळी ३० तोंडे चालू असतात. म्हणजे सगळ्यांना बोलते करण्याचे काम मधला टप्पा करतो. तिसऱ्या टप्प्यात सगळ्यांना बोलवायचा हट्ट धरला की तास संपतो.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एखाद्या शाळेतील सहावीचा विज्ञानाचा तास घेऊ. एका बाकावर तिघे, असे २० बाक आहेत. पहिली अडचण इथेच येते, कारण तिघांत जोडी लावली की एक जण उरतो आणि तो बहुधा अबोल मूल असतो. यावर सोपा उपाय म्हणजे पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या बाकावरच्या मुलांनी मागे वळायचे आणि बरोबर मागच्याशी जोडी लावायची. बाक न हलवता ३० जोड्या तयार होतात. कोणी गैरहजर असेल तिथे तिघांचा गट चालतो, पण मग वेळही तिघांत वाटून द्यावा लागतो.

बाई टेबलावर बर्फाच्या पाण्याने भरलेला, झाकण ठेवलेला स्टीलचा पेला ठेवतात. थोड्या वेळाने बाहेरून थेंब दिसू लागतात. इथल्या दमट हवेत त्याला फार वेळ लागत नाही. प्रश्न असा : ‘हे पाणी आले कुठून?’ एक मिनिट कोणी बोलायचे नाही, वहीत एक ओळ लिहायची. ही ओळ वगळू नये. ती नसली की हुशार मूल आधी बोलते आणि दुसरे नुसते ‘हो’ म्हणते.

मग पुढच्या बाकावरचा आधी आणि मागच्या बाकावरचा नंतर, असा क्रम बाई सांगतात. ४५ सेकंदांनी टाळी वाजली की पाळी बदलते. या वेळी भाषेवर बंधन नसावे. घरी आगरी, हिंदी किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलाला जोडीदाराला समजेल अशा बोलीत सांगू द्यावे. प्रमाण मराठीत मांडणे पुढच्या टप्प्यावर जमते. बाई बाकांमधून फिरतात, कोणालाही दुरुस्त करत नाहीत, फक्त कानावर आलेली मते टिपून ठेवतात : ‘पेल्यातून झिरपले’, ‘हवेतले आहे’, ‘थंडी बाहेर आली’.

मांडणीच्या वेळी हात वर करायला सांगू नये. बाईंनी टिपलेल्या तीन वेगवेगळ्या मतांच्या तीन जोड्या उठवाव्यात, आणि प्रत्येकाने आपले नव्हे तर जोडीदाराचे म्हणणे सांगावे. त्यामुळे ऐकणेही सक्तीचे होते. चुकीचे मत आधी घ्यावे. बरोबर उत्तर आधी आले की उरलेली मुले आपले मत गिळतात. इथे झिरपण्याचे मत पुढे आल्यावर बाई दुसऱ्या पेल्यात कोकमाचे थंडगार सरबत ओततात. बाहेरचे थेंब बिनरंगी दिसतात. आतले पाणी झिरपले असते तर थेंब लाल आले असते, हे मुले स्वतःच म्हणतात, आणि हवेतील बाष्पाकडे वळायला वाट मोकळी होते.

पद्धत फसली की ते ओळखू येते. विसाव्या सेकंदालाच वर्ग शांत झाला, तर प्रश्नात बोलण्यासारखे काही नव्हते. ‘ठाण्याच्या मध्यवर्ती तलावाचे नाव काय?’ या प्रश्नावर जोडीने बोलायचे तरी काय? सगळ्या वह्यांत शब्दशः एकच वाक्य असेल, तर विचाराच्या मिनिटात कुजबुज झाली. गोंगाट मात्र अपयशाची खूण नव्हे. तीस जणांच्या बोलण्याचा आवाज होणारच. शेजारच्या वर्गाला त्रास होत असेल, तर ‘जोडीदारालाच ऐकू जाईल इतक्या आवाजात’ हा सराव आधी दोन-तीन दिवस सोप्या प्रश्नांवर करून घ्यावा.

मुलांना विषयाची काहीच ओळख नसेल, तर ही पद्धत चालत नाही. दोघांचे अज्ञान एकत्र येऊन ज्ञान होत नाही. एका तासात असे एक किंवा दोन प्रश्न पुरतात.