'लब-डप-डप': दुसरा आवाज फुटलाय, की तिसरा आलाय?

वॉर्डात इंटर्नच्या हाती स्टेथो दिला की केसपेपरवर हमखास एक वाक्य उमटतं: 'एक्स्ट्रा साउंड प्लस'. पण हा जास्तीचा आवाज कुठला, ते कोणी लिहीत नाही. 'लब-डप'नंतर लगेच आणखी एक 'डप' ऐकू आला, तर मुख्यतः दोन शक्यता असतात. एक म्हणजे दुसरा आवाजच दोन तुकड्यांत फुटलाय. दुसरी म्हणजे तो तसाच आहे आणि त्याच्यामागून तिसरा आवाज आलाय. पहिली गोष्ट बहुतेकदा अगदी निरोगी माणसात सापडते. दुसरी पन्नाशीपुढच्या, दम लागणाऱ्या माणसात सापडली तर त्याला त्या दिवशी घरी पाठवायचं नसतं.

आधी फुटलेला दुसरा आवाज घेऊ. महाधमनीची झडप आणि फुप्फुस-धमनीची झडप बंद होताना हे दोन तुकडे उमटतात. श्वास आत घेतला की हृदयाच्या उजव्या बाजूला जास्त रक्त येतं, ते बाहेर ढकलायला उजव्या कप्प्याला जरा जास्त वेळ लागतो आणि फुप्फुस-धमनीची झडप उशिरा मिटते. दोघांतलं अंतर तेव्हा साधारण ४० ते ५० मिलिसेकंद होतं, आणि कानाला दोन टिचक्या लागोपाठ ऐकू येतात. श्वास सोडला की त्या जवळ येतात आणि आवाज पुन्हा एकच वाटतो. ऐकायची जागा छातीच्या वरच्या भागात, डाव्या बाजूला दुसऱ्या बरगडीखाली. आवाज टिपेचा असतो, म्हणून डायफ्रॅम नीट दाबून लावायचा.

तिसऱ्या आवाजाचा झडप मिटण्याशी संबंध नाही. दुसऱ्या आवाजानंतर १२० ते १८० मिलिसेकंदांनी, वरच्या कप्प्यातलं रक्त डाव्या खालच्या कप्प्यात वेगाने घुसतं आणि ते भरणं एकदम अडतं, तेव्हा तो उमटतो. तबला ऐकणाऱ्याला फरक चटकन कळेल: फुटलेला दुसरा आवाज म्हणजे चाटीवरच्या दोन झटपट टिचक्या, आणि तिसरा म्हणजे डग्ग्यावर हलकेच पडलेला एकच घुमारा. इतका खर्जातला की पंखा चालू असेल तर तो गेलाच. ठाण्यात रुळांलगतच्या वॉर्डात लोकल जाईपर्यंत थांबावं लागतं, आणि थांबावंच.

खरी युक्ती बेलमध्ये आहे. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवायचं, हृदयाचं टोक बोटाने शोधायचं आणि बेल तिथे नुसती टेकवायची. बेल जोरात दाबली की खालची कातडी ताणून डायफ्रॅमसारखी होते आणि खर्जातला आवाज गाळला जातो. म्हणून हलकी बेल, मग दाबलेली बेल असं दोनदा ऐकायचं. दाबल्यावर जास्तीचा आवाज नाहीसा झाला तर तो तिसरा. तसाच राहिला तर दुसरं काही शोधा. आपल्याकडे संधिवाताच्या तापातून आकसलेली मायट्रल झडप अजून दिसते, आणि तिचा उघडतानाचा 'स्नॅप' नेमका या दोघांच्या मधल्या वेळात येतो. तो मात्र टिपेचा, दाबल्याने न जाणारा.

जागेचाही पुरावा मोठा आहे. फुप्फुस-धमनीच्या झडपेचा आवाज एरवी हृदयाच्या टोकापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे टोकावर 'फुटलेला दुसरा' ऐकू आला असं कोणी म्हणालं, तर बहुधा तो तिसरा असतो. खरंच दोन टिपेच्या टिचक्या तिथे असतील, तर फुप्फुसातला रक्तदाब वाढला असण्याची शक्यता धरायची.

जांभळी नाक्याजवळ भाजी विकणारे एक काका, वय ५८. दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेला, आठवडाभर रात्री उशा रचून झोपतात. इंटर्नने लिहिलं, 'दुसरा आवाज फुटलेला'. पुन्हा ऐकलं. एक बोट मानेच्या नाडीवर ठेवलं, कारण नाडीबरोबर येतो तो पहिला आवाज हे ठरल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे. वरच्या जागेवर डायफ्रॅमने दुसरा आवाज एकसंध होता, श्वास घेताना किंचित फुटत होता इतकंच. डाव्या कुशीवर, टोकापाशी, हलक्या बेलखाली मात्र घुमारा स्पष्ट. बेल दाबली, गेला. श्वास सोडल्यावर जरा वाढला. डाव्या बाजूच्या तिसऱ्या आवाजाचं हेच लक्षण. मानेची शीरही फुगलेली होती. इको व्हायच्या आधीच एवढं म्हणता येत होतं की डावा कप्पा कमजोर आहे आणि त्यातला दाब चढलाय. लॅसिक्स सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी तो आवाज ऐकू येईना. याचा अर्थ दाब उतरला. स्नायू सुधारला असा अर्थ काढायचा नसतो. नंतरच्या इकोत पंपिंग कमीच होतं.

उलटही तितकंच खरं: तिसरा आवाज नाही म्हणून हार्ट फेल्युअर नाही, असं म्हणता येत नाही. जाड छाती, फुगलेली फुप्फुसं, गडबडीचा वॉर्ड, काहीही त्याला झाकतं. आणि विशीतल्या मुलात किंवा गरोदर बाईत तो ऐकू आला तर बाकी तपासणी ठीक असताना घाबरायचं कारण नाही.

फुटलेल्या दुसऱ्या आवाजात काळजीची जागा एकच लक्षात ठेवण्यासारखी आहे: श्वासाने न हलणारी फूट. आडव्या पडलेल्या तरुणांत कधीकधी श्वास सोडल्यावरही थोडी फूट राहते, म्हणून आधी उठून बसवायचं. बसल्यावर आवाज एक झाला तर विषय संपला. बसूनही फूट तेवढीच रुंद, आत-बाहेर श्वासाला दाद देत नसेल, तर वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात छिद्र असू शकतं, इको सांगायचा. रुंद आहे पण श्वासाबरोबर आणखी वाढते, अशी फूट असेल तर आधी ईसीजीत उजव्या बंडलचा ब्लॉक पाहा.

चौथ्या आवाजाचा या गोंधळाशी थेट संबंध नाही, कारण तो पहिल्या आवाजाच्या आधी येतो. ताठर झालेल्या कप्प्यात वरचा कप्पा शेवटचा जोर लावून रक्त ढकलतो, त्याचा तो ठोसा; जुन्या ब्लडप्रेशरवाल्यांत सापडतो. पण नाडी १२० च्या घरात गेली की हृदय भरण्याचा वेळ साधारण पाव सेकंदावर येतो, तिसरा आणि चौथा एकमेकांवर पडतात आणि एकच मोठा घुमारा ऐकू येतो. नाडी उतरल्यावर पुन्हा ऐकल्याशिवाय त्याला नाव देऊ नये. आणि एट्रियल फिब्रिलेशनमध्ये वरचा कप्पा नुसता थरथरतो, जोर लावतच नाही. अशा रुग्णाच्या केसपेपरवर 'चौथा आवाज' दिसला तर एकतर आवाज चुकलाय, नाहीतर ईसीजी.