फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तुमचं नाव: टेलिग्राममध्ये नक्की काय लपतं?

समजा, तारा नावाच्या मुलीने टेलिग्रामवरच्या बारा जणांच्या ग्रुपमध्ये लिहिलं, ‘त्या गोळीने मला महिनाभर चक्कर येत होती, शेवटी डॉक्टरांनीच ती बंद केली.’ ग्रुपमधल्या एकीने चांगल्या हेतूने तो मेसेज त्याच आजाराच्या रुग्णांच्या एका मोठ्या ग्रुपमध्ये पाठवला. तिथे हजारो अनोळखी माणसं. मेसेजच्या माथ्यावर एक ओळ आपोआप आली, ‘Forwarded from तारा’. कुणीतरी त्या नावावर बोट ठेवलं आणि ताराचं खातं उघडलं. तिचा फोटो, स्वतःबद्दल लिहिलेली ओळ आणि मेसेज पाठवायचं बटण, सगळं समोर. बारा जणांत बोललेली गोष्ट आता थेट तिच्या दारापर्यंत वाट दाखवत होती.

ही वाट बंद करण्याची सोय टेलिग्रामने मार्च 2019 मध्ये दिली. `Settings` मध्ये `Privacy and Security` उघडा, तिथे `Forwarded Messages` असं एक कलम आहे. त्यात तीन पर्याय दिसतात: `Everybody`, `My Contacts` आणि `Nobody`. आपण हात लावला नसेल तर पहिला पर्याय चालू असतो. दोन मिनिटांचं काम आहे, पण हे पर्याय नक्की काय करतात याबद्दल मी बऱ्याच जणांचा गैरसमज झालेला पाहिला आहे. बहुतेकांना वाटतं, `Nobody` निवडलं की नाव जातं. नाव जात नाही. जातो तो नावामागचा दुवा.

हा फरक समजण्यासाठी फॉरवर्ड करताना काय घडतं ते पाहावं लागेल. फॉरवर्ड केलेला मेसेज ही मूळ मेसेजची नवी, स्वतंत्र प्रत असते. त्या प्रतीला टेलिग्रामचा सर्व्हर एक छोटी चिठ्ठी जोडतो: हे मूळचं कुणाचं आणि कधीचं. ही चिठ्ठी दोन प्रकारांनी लिहिता येते. पहिल्या प्रकारात सर्व्हर त्यात ताराच्या खात्याचा क्रमांक घालतो. मेसेज वाचणाऱ्याचं ॲप तो क्रमांक पाहून खातं शोधतं आणि तिथलं नाव दाखवतं. दुसऱ्या प्रकारात क्रमांक नसतोच. त्या जागी फक्त अक्षरं असतात, त्या क्षणी ताराच्या खात्यावर जे नाव होतं ते. टेलिग्रामवर बॉट चालवणाऱ्यांना ही चिठ्ठी उघडी दिसते. दुसऱ्या प्रकारातली चिठ्ठी अशी असते:

```
"forward_origin": {
  "type": "hidden_user",
  "sender_user_name": "तारा",
  "date": 1741234567
}
```

तिथे खात्याचा क्रमांक नाही, फोन नाही, युजरनेम नाही. नाव मात्र आहे. तारीखही आहे, 1970 च्या सुरुवातीपासूनच्या सेकंदांत मोजलेली. मूळ मेसेज कधी लिहिला ती वेळ खातं लपवलं तरी चिठ्ठीत राहते. अशा नावावर बोट ठेवलं तर खातं उघडत नाही, वापरकर्त्याने खातं लपवलं आहे अशी छोटी सूचना येते.

आता यातून एक गंमतीशीर वाटणारी, पण खरं तर गंभीर गोष्ट निघते. क्रमांक असलेली चिठ्ठी जिवंत असते. ताराने उद्या खात्यावरचं नाव बदललं की जुन्या फॉरवर्डवरही नवं नाव दिसतं. तिने खातंच बंद केलं तर तिथे `Deleted Account` येतं. उलट नुसत्या अक्षरांची चिठ्ठी गोठलेली असते. फॉरवर्ड झालं त्या दिवशी जे नाव होतं, तेच कायम राहतं. म्हणजे ज्याने खात्यावर नाव-आडनाव पूर्ण लिहिलं आहे आणि मोठ्या विश्वासाने `Nobody` निवडलं आहे, त्याचं पूर्ण नाव त्या प्रतीवर पक्कं छापलं जातं, आणि नंतर ते पुसायला त्याच्या हातात काही नसतं. दुवा नसला तरी आडनाव दुर्मीळ असेल तर माणूस शोधायला वेळ लागत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ही सेटिंग बदलण्याआधी खात्यावरचं नाव बघावं. तिथे फक्त पहिलं नाव किंवा घरगुती नाव पुरत असेल तर तेवढंच ठेवावं. दुवा तोडणं आणि नाव आटोपशीर करणं, ही दोन्ही कामं एकत्र केली तरच मनातलं संरक्षण प्रत्यक्षात मिळतं.

दुसरा मोठा गैरसमज `My Contacts` बद्दलचा आहे. ‘माझ्या संपर्कातल्यांनाच दुवा दिसेल’ असा त्याचा अर्थ लावला जातो. सेटिंगच्या पानावरचा प्रश्न मात्र वेगळा आहे: तुमचा मेसेज फॉरवर्ड करताना तुमच्या खात्याचा दुवा कोण जोडू शकतं? म्हणजे निर्णय वाचणाऱ्यावर ठरत नाही, पाठवणाऱ्यावर ठरतो.

ताराच्याच ग्रुपवर हे लावून बघू. तिने `My Contacts` निवडलं आहे. सई तिच्या संपर्कांच्या यादीत आहे. नीलेशकडे ताराचा नंबर आहे, पण ताराने नीलेशचा नंबर कधी साठवलेला नाही. सईने तो गोळीचा मेसेज रुग्णांच्या ग्रुपमध्ये पाठवला, तर दुवाही सोबत जातो, आणि तो ग्रुपमधल्या हजारो अनोळखी माणसांना सारखाच उघडता येतो. तोच मेसेज थोड्या वेळाने नीलेशने तिथेच पाठवला, तर त्यावर नुसतं ‘तारा’ दिसतं, बोट ठेवलं तरी काही उघडत नाही. एकाच ग्रुपमध्ये एकाच मेसेजच्या दोन प्रती, एक उघडी, एक बंद. मधला पर्याय ऐकायला सुरक्षित वाटतो, पण आपले मेसेज पुढे कोण पाठवतं याचा विचार करा: बहुतेक वेळा जवळचेच. अनोळखी माणसाच्या हाती आपला मेसेज मुळात कमी वेळा पडतो. त्यामुळे ज्या गळतीची भीती असते तीच `My Contacts` मध्ये उघडी राहते. मी स्वतः `Nobody` ठेवतो आणि त्याखालच्या `Always Allow` मध्ये मोजकी नावं घालतो, ज्यांनी माझं म्हणणं माझ्या खात्यासह पुढे नेलं तर मला हवंच आहे अशांची. कुणी मोठ्या ग्रुपमध्ये माहिती देण्याचं काम करत असेल तर त्याने उलटं करावं, `Everybody` ठेवावं आणि दोन-चार जणांना `Never Allow` मध्ये टाकावं.

वेळेचंही भान लागतं. चिठ्ठी फॉरवर्ड करण्याच्या क्षणी लिहिली जाते. ताराने मेसेज सोमवारी लिहिला, सेटिंग मंगळवारी बदलली आणि सईने मेसेज बुधवारी पाठवला, तर बुधवारी लागू असलेली सेटिंग चालते. जुने मेसेजही यापुढच्या फॉरवर्डसाठी झाकले जातात. पण सईने तो सोमवारीच पाठवला असेल तर ती प्रत दुव्यासह तिथे राहते. ताराने मूळ मेसेज पुसला तरीही राहते, कारण ती स्वतंत्र प्रत आहे. अशा वेळी एकच उपाय उरतो: जिने पाठवला तिला किंवा त्या ग्रुपच्या ॲडमिनला सांगून ती प्रत काढून घेणं.

सेटिंग लागली की नाही हे पडताळायचं असेल तर पानावरच्या नमुना मेसेजकडे पाहा. पर्याय बदलला की त्या नमुन्याशेजारची खूण बदलते आणि दुवा असेल की नाही ते सांगते. खरी खात्री हवी असेल तर संपर्कांच्या यादीत नसलेल्या एका ओळखीच्या माणसाला मेसेज पाठवा, त्याला तो तिसऱ्या कुणाकडे फॉरवर्ड करायला सांगा आणि त्या तिसऱ्याच्या फोनवर नावावर बोट ठेवून बघा. मग हेच यादीतल्या माणसाकडून करून घ्या. दोन्ही वेळा काय दिसलं ते ताडून पाहिलं की शंका राहत नाही.

ऑगस्ट 2021 पासून आणखी एक सोय आली, पण ती पाठवणाऱ्याच्या हातात आहे. फॉरवर्ड करताना वर येणाऱ्या पट्टीवर बोट ठेवलं की मूळ लेखकाचं नाव लपवण्याचा पर्याय मिळतो. तो निवडला की चिठ्ठी जोडलीच जात नाही, आणि मेसेज जणू पाठवणाऱ्यानेच लिहिला असा दिसतो. ताराला सईवर हे लादता येत नाही, तसंच तिला रोखताही येत नाही. कुणाच्या आजाराबद्दल, नोकरीबद्दल, घरातल्या भांडणाबद्दल लिहिलेलं पुढे पाठवायची वेळ आली तर हा पर्याय वापरावा, आणि त्याआधी त्या माणसाला विचारावं. इथे नाव खरोखर जातं, सेटिंगने जात नाही.

व्हॉट्सॲपवर हा प्रश्नच येत नाही. तिथे जुलै 2018 पासून फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तसा शिक्का येतो, पण मूळ कुणी लिहिलं ते नाव येत नाही. म्हणून एका ॲपची सवय दुसऱ्यावर नेली की फसगत होते.

आणि वाचणाऱ्याच्या बाजूने एक सावधगिरी. दुवा नसलेलं नाव म्हणजे फक्त अक्षरं. कुणीही स्वतःच्या खात्यावर ‘तारा’ असं नाव लिहू शकतं, `Nobody` निवडू शकतं, हवं ते लिहून दुसऱ्याकडून फॉरवर्ड करवून घेऊ शकतं. वर ‘Forwarded from तारा’ हुबेहूब येईल. क्रमांक असलेल्या चिठ्ठीत असं करता येत नाही, कारण ती सर्व्हर खात्यावरून लिहितो आणि बोट ठेवलं की खरं खातं समोर येतं. 2019 मध्ये टेलिग्रामने ही सोय आणताना हाच मुद्दा पुढे केला होता: दुवा नसेल तर तुम्ही ते लिहिलं होतं याचा पडताळता येईल असा पुरावा उरत नाही. ताराला हा आडोसा हवा आहे. पण त्याच कारणाने, असं बंद नाव डोक्यावर असलेला मेसेज दाखवून कुणी ‘बघा, तारा काय म्हणाली’ असं सांगत आलं, तर आधी तारालाच विचारावं लागतं.