जेवणाच्या टेबलावरचं पांढरं कडं : डाग नव्हे, अडकलेला ओलावा

आषाढ लागला की मोबाइलवर एक व्हिडिओ हमखास फिरतो. लाकडी टेबलावरच्या पांढऱ्या कड्यावर खाण्याचा सोडा टाकायचा, वर लिंबू पिळायचं, फेस आला की घासायचं आणि कडं गायब! फेस येतो हे खरं. पण तो सोडा आणि आम्ल यांच्यातून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा असतो, कड्याशी त्याचा काही संबंध नाही. उलट आपल्याकडच्या जुन्या टेबलांवर बहुधा लाखेचं पॉलिश असतं आणि लाख अल्कलीने खराब होते. जास्तीचा सोडा पॉलिशवर राहिला आणि वरून घासलं, तर कड्यासोबत पॉलिशही निघतं.

मुळात पांढरं कडं हा डागच नव्हे. तिथे पांढऱ्या रंगाचा एक कणही नसतो. खडीसाखरेचा मोठा खडा काचेसारखा आरपार दिसतो, पण तोच खलात कुटला की पांढरीशुभ्र पूड होते. साखर तीच, फक्त कणाकणांमध्ये हवा शिरलेली. प्रकाश साखरेतून हवेत आणि हवेतून पुन्हा साखरेत जाताना प्रत्येक सीमेवर त्याचा थोडा भाग परततो. अशा हजारो सीमा ओलांडताना तो चहूकडे विखुरतो आणि सगळे रंग सारखेच विखुरल्यामुळे आपल्याला पांढरं दिसतं. या पुडीवर खोबरेल ओतलं तर पांढरेपणा बराच मावळतो, कारण तेल आणि साखर प्रकाशाला जवळजवळ सारखंच वाकवतात.

टेबलावर नेमकं हेच घडतं. गरम पेजेचं पातेलं ठेवलं की त्याच्या बुडाखाली वाफ कोंडते. लाखेचा थर ५० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतो. त्या मऊ थरात वाफ शिरते आणि थर निवला की पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब आतच अडकतात. पुढे पाणी उडून गेलं तरी त्यांच्या जागी पोकळ्या उरू शकतात. एखादा पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो, हे सांगणारा आकडा म्हणजे अपवर्तनांक. लाखेचा अपवर्तनांक सुमारे १.५, पाण्याचा १.३३, हवेचा १. या आकड्यांवरून हिशेब केला तर लाख आणि हवा यांच्या सीमेवर सरळ पडलेला सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. लाख आणि पाणी यांच्या सीमेवर हे प्रमाण साधारण ०.४ टक्के, आणि लाख व तेल (१.४७) यांच्या सीमेवर ०.०१ टक्के. म्हणजे पोकळीत हवेऐवजी तेल भरलं की परतणारा प्रकाश ४०० पटींनी घटतो. पेट्रोलियम जेलीचा घरगुती उपाय कशामुळे लागू पडतो, त्याचं उत्तर या आकड्यात आहे. जेली पाणी शोषून घेत नाही, ती पोकळ्या भरते आणि त्या दिसेनाशा होतात.

आता गोव्यात फोंड्यातल्या एका घरातलं उदाहरण घेऊ. सागवानी टेबल, त्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं पॉलिश. शेजारच्या काकींकडे पाहुण्यांना कोकम सरबत दिलं आणि एका पेल्याच्या बुडाशी सरबत ओघळलं. पुसायचं राहून गेलं. चार दिवसांनी तिथे चिकट लालसर वळं आणि त्याखाली पांढरट कडं. सरबत तर थंड होतं, मग हे कडं कुठून आलं?

याचं कारण साखरेत आहे. कोकमाच्या आम्लाने बाटलीतल्या साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटतो. फ्रुक्टोजला ओलाव्याची भारी ओढ. हवेची सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या थोडी वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच पातळ होतं. गोव्याच्या पावसात आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर सहज जाते, तिथे असं वळं सुकतच नाही. ते रात्रंदिवस पॉलिशला ओलं ठेवतं आणि पाणी हळूहळू थरात मुरतं.

म्हणून आधी चिकटपणा काढायचा, कडं नंतर. चिकटपणा तसाच ठेवून गरम हवा मारली तर साखर पॉलिशवर आणखी घट्ट बसते. सुती फडकं कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं आणि वळ्यावर दोन-तीन मिनिटं नुसतं ठेवायचं. साखर थोड्या पाण्यातही भराभर विरघळते, सुरीने खरवडायची गरज नाही. मग फडकं बदलून टिपायचं आणि लगेच कोरड्या कापडाने पुसायचं. फणसाचा चीक असेल तर पाणी कामाचं नाही. तिथे खोबरेल लावून तो सुटू द्यायचा.

त्यानंतर पंखा लावून दिवस-दोन दिवस थांबायचं. ताजं कडं पुष्कळदा आपोआप फिकं होतं, कारण आतलं पाणी आल्या वाटेने परत जातं. उरलंच तर कड्याच्या एका टोकाला खोबरेलाचा थेंब लावून पाहायचा. पांढरेपणा तिथल्या तिथे विरला तर पोकळ्या वर उघड्या आहेत. मग पेट्रोलियम जेलीचा पातळ हात देऊन रात्रभर ठेवायचं आणि सकाळी पुसायचं. थेंबाने काहीच फरक पडला नाही तर ओलावा आत बंद आहे आणि उपाय उष्णतेचा. तेल पुसून हेअर ड्रायर सर्वांत मंद ठेवायचा, वीतभर अंतरावरून सतत हलवत मिनिट-दोन मिनिटं फिरवायचा. टेबलावर तळहात टेकवून ठेवता येईल इतकीच ऊब हवी. त्या उबेत पाणी बाहेर पडतं आणि मऊ झालेली लाख पोकळी बुजवते. हीच खरी दुरुस्ती, कारण तेलाने पोकळी झाकली जाते, बुजत नाही. कापडावरून इस्त्री फिरवायचा सल्ला मात्र मला पटत नाही. लाख जरा जास्त मऊ झाली की कापडाच्या विणीचा ठसा तिच्यावर उमटतो.

पॉलिशवाले स्पिरिटचं जेमतेम ओलं फडकं कड्यावरून झरकन फिरवतात. लाख वरवर विरघळून पुन्हा एकसंध बसते. पण हे उघाडीच्या दिवशीच करावं. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतली वाफ त्यावर दवासारखी जमते आणि नवी पांढरी झाक येते. त्याआधी पॉलिश लाखेचंच आहे ना, हे पाहायला टेबलाच्या खालच्या कडेला स्पिरिटचा थेंब लावून मिनिटभराने बोट टेकवा. चिकट लागलं तर लाख आहे. काहीच झालं नाही तर मेलामाइन किंवा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश असेल, तिथे स्पिरिटचा उपयोग नाही.

कडं काळं असेल तर यातलं काहीच करू नये. पाणी पॉलिश भेदून लाकडापर्यंत गेलं आणि तिथे लोखंडाचा अंश लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याला भेटला की काळं संयुग तयार होतं. ते काढायला पॉलिश उतरवून ऑक्झॅलिक आम्ल लावावं लागतं. ते विषारी आहे, जाणत्या सुताराकडूनच करून घ्यावं. आणि फेणी सांडली तर वाट पाहू नये. तिच्यात सुमारे ४२ टक्के अल्कोहोल असतं आणि लाख अल्कोहोलमध्येच विरघळते. लगेच कोरडं कापड दाबून टिपावं, घासू नये आणि तासभर तिथे बोटही लावू नये. मऊ झालेली लाख तेवढ्यात पुन्हा कडक होऊ लागते. तरी खड्डा राहिला तर त्यावर पॉलिशचा नवा हातच द्यावा लागतो.